पहिल्यांदा मायामीत जहाज पकडताना

जहाजावर पहिली नोकरी लागली, अभिनंदन भावा! मुंबईहून मायामीला जाताना आधी तीन गोष्टी बघ.

व्हिसा सी-१/डी हवा. त्यातला सी-१ जहाजापर्यंत पोहोचण्यासाठी, डी खलाशी म्हणून बंदरात उतरण्यासाठी. अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा असला तरी त्यावर कामावर रुजू होता येत नाही. सीडीसी ही खलाशी असल्याची ओळख आणि नोकरीची नोंदवही. ती व्हिसाची जागा घेत नाही. बरेच नवखे इथेच चुकतात.

पासपोर्ट, सीडीसी आणि जॉइनिंग लेटर शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळव. वडिलांचं नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, असं दिसलं तर आजच एजंटला सांग. लेटरवर जहाजाचं नाव, बंदर, तारीख आणि तिथल्या एजंटचा फोन असावा. इमिग्रेशनवाला पहिलं तेच विचारतो. हे सगळं हातातल्या बॅगेत ठेव. माझ्या पहिल्या फेरीत लेटर चेक-इन बॅगेत गेलं होतं, काउंटरवर घाम फुटला.

तिकीट एकाच बुकिंगवर आहे ना, विचार. दोन वेगळी तिकिटं असली तर मधल्या विमानतळावर सामान घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागू शकतं, आणि मग त्या देशाचाही व्हिसा लागू शकतो.

बाकीचं जहाजावर चढल्यावर बोलू.