दूध आणि साखर बंद केली की पिंपल्स खरंच जातात का? मी तीन आठवडे दोन्ही सोडलंय, काहीच फरक नाही.

तीन आठवड्यांत फरक दिसणारच नव्हता. आज तुमच्या हनुवटीवर जी पुटकुळी आलीय, तिची सुरुवात साधारण दोन महिन्यांपूर्वीची आहे. केसाच्या मुळाशी असलेली बारीक नळी मृत पेशी आणि तेलानं आतल्या आत बुजते, तेव्हा आरशात काहीच दिसत नाही. ती फुगून, सुजून वर यायला आठेक आठवडे जातात. त्यामुळे काल गोड खाल्लं म्हणून आज पिंपल आला हा हिशोब चुकतो आणि तीन आठवडे गोड खाल्लं नाही तरी येतातच आहेत, हाही चुकतो.

साखरेचा संबंध आहे, बऱ्यापैकी. दुधाचा थोडा आहे, तोही सगळ्यांना नाही. जिमवाल्यांच्या व्हे पावडरीचा माझ्या मते सगळ्यात जास्त. आणि यातलं काहीही औषधाची जागा घेत नाही. हे शेवटचं वाक्य मी माझ्या उजव्या गालाच्या जिवावर लिहितेय.

मी सतरा वर्षांची असताना आईनं माझं दूध, साखर, चॉकलेट, तळलेलं सगळं बंद केलं. दहा महिने. डॉक्टरकडे जायचा विषय निघाला की "आधी तोंडावर ताबा ठेव, मग बघू" हे ठरलेलं. नवीन पुटकुळी आली की चौकशी सुरू व्हायची: काल काय खाल्लंस, मैत्रिणीकडे काय घेतलंस. मी खरंच काही खाल्लेलं नसायचं, पण ते कुणाला पटवणार? त्या दहा महिन्यांत गालावर दुखऱ्या, खोल गाठी झाल्या. शेवटी मामानं मला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गाल बोटानं चाचपला आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" गोळ्या सुरू झाल्या, चार महिन्यांत गाठी बसल्या. खड्डे राहिले, ते आजही आहेत. निघताना डॉक्टर म्हणाले, "खाण्याचा आणि मुरमांचा काही संबंध नाही, आईला सांगा." ते वाक्य मी पुढची वीस वर्षं घरात शस्त्रासारखं वापरलं.

ते वाक्य डॉक्टरांच्या मनचं नव्हतं. त्या पिढीला तसंच शिकवलं होतं. त्यामागचा सगळ्यात गाजलेला प्रयोग १९६९ सालचा. ६५ जणांना चार आठवडे रोज चॉकलेटची वडी दिली, मग काही काळ चॉकलेट नसलेली वडी दिली, आणि फरक पडला नाही असा निष्कर्ष निघाला. गंमत अशी की त्या चॉकलेट नसलेल्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती. म्हणजे सिद्ध काय झालं, तर कोकोचा दोष दिसला नाही. साखरेबद्दल त्यातून काहीच कळत नव्हतं. तरी "आहाराचा संबंध नाही" हे वाक्य कित्येक वर्षं त्यावर उभं राहिलं, आणि त्या वाक्यावर मी.

ते कोसळलं माझ्या भाच्यामुळे. तो एकोणीस वर्षांचा, व्यायामाचं वेड लागलेला. जबड्यावर आणि पाठीवर अचानक मुरमं उठायला लागली. आई त्याला म्हणाली, "ती पावडर बंद कर." मी तिथेच होते. मी फटकन म्हणाले, "आई, परत सुरू करू नकोस. खाण्याचा काही संबंध नसतो." पोरानं आत्याचं ऐकलं. चार महिने पावडर चालू राहिली आणि पाठ बघवेना. मग मी मुकाट्यानं वाचायला बसले.

जे सापडलं ते असं. दुधामुळे रक्तातली साखर फारशी वाढत नाही, पण इन्सुलिन मात्र चांगलंच वाढतं, जवळपास पांढऱ्या पावाइतकं. यात मोठा हात दुधातल्या व्हे या प्रथिनाचा. इन्सुलिन वाढलं की आयजीएफ-१ नावाच्या वाढीच्या संप्रेरकाचा जोर वाढतो. तो तेलग्रंथींना जास्त तेल करायला लावतो आणि नळीच्या तोंडाशी पेशी भराभर वाढवतो. साखर आणि मैदाही इन्सुलिनच्याच वाटेनं तिथे पोचतात. ज्यांच्या शरीरात जन्मतः आयजीएफ-१ जवळपास तयारच होत नाही अशा लॅरॉन सिंड्रोमच्या लोकांना सहसा मुरमं येत नाहीत, आणि उपचार म्हणून ते बाहेरून जास्त दिलं गेलं की येतात. मला सगळ्यात जास्त पटलं ते हे उदाहरण.

आता पावडरीचं गणित बघा. एक लिटर गाईच्या दुधात साधारण ३३ ग्रॅम प्रथिनं, त्यातलं व्हे जेमतेम पाचवा हिस्सा, म्हणजे सहा-सात ग्रॅम. भाचा रोज दोन चमचे घ्यायचा (डब्यातला तो मोठा चमचा), मिळून ५० ग्रॅमच्या आसपास व्हे. म्हणजे सात-आठ लिटर दुधातलं व्हे रोज पोटात. कपभर दुधावरून भांडणाऱ्या आमच्या घरात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग आम्ही मोजायचं ठरवलं. रविवारी आंघोळीआधी, त्याच दिव्याखाली, तेवढ्याच अंतरावरून पाठीचा फोटो काढायचा. दोन खांद्यांच्या फऱ्यांमधली जागा ठरवली आणि तिथले फक्त लाल किंवा पू भरलेले फोड मोजायचे. जुने डाग मोजायचे नाहीत, नाहीतर आकडा कधीच उतरत नाही. तो आधीपासून बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश वापरत होता, तो तसाच चालू ठेवला. व्यायाम तोच, पावडरीऐवजी अंडी आणि डाळी. सुरुवातीला ३४. चौथ्या आठवड्यात ३७. इथे तो तुमच्यासारखाच वैतागला, "आत्या, उलट वाढलेत." आठव्या आठवड्यात २२, बाराव्यात ११.

एवढ्यावर मी मानलं नसतं, कारण या वयात मुरमं आपोआपही कमी-जास्त होतात. पण पठ्ठ्यानं स्वतःच रोज एक चमचा परत सुरू केला. तिथून सातव्या आठवड्यात १९, दहाव्यात २८. बंद केल्यावर उतरणं आणि चालू केल्यावर चढणं, दोन्ही दिसलं तरच एका माणसापुरतं काही म्हणता येतं.

साध्या दुधाचं प्रकरण इतकं स्वच्छ नाही. २०१८ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून ७८,५२९ मुलं आणि तरुण-तरुणींची माहिती तपासली गेली. दूध आणि दुधाचे पदार्थ घेणाऱ्यांत मुरमांची शक्यता साधारण सव्वापट निघाली. दह्याबाबतही संबंध दिसला. पण हे सगळं लोकांना विचारून काढलेलं. दूध पिणारी मुलं आणखी काय काय खातात, ते यातून नीट वेगळं काढता येत नाही. साय काढलेल्या दुधाचा संबंध काही अभ्यासांत जास्त दिसतो, म्हणजे "फॅटमुळे होतं" ही समजूत तरी सोडा.

साखरेबाबत निदान प्रत्यक्ष प्रयोग आहे. ऑस्ट्रेलियात २००७ साली १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर बारा आठवडे केलेला. ज्यांनी साखर-मैदा कमी करून रक्तातली साखर हळू वाढवणारं खाल्लं, त्यांचे सरासरी २३.५ फोड कमी झाले, बाकीच्यांचे १२. दुसरा आकडा नीट बघा. काही न सोडताही १२ कमी झाले. शिवाय पहिल्या गटाचं वजनही उतरलं, त्यामुळे श्रेय आहाराचं किती आणि वजनाचं किती, हे सांगता येत नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ च्या मार्गदर्शनात म्हणूनच आहाराबद्दल शिफारस करण्याइतका पुरावा नाही असं म्हटलंय. "संबंध नाही" असं म्हटलेलं नाही. या दोन वाक्यांतला फरक मला कळायला वीस वर्षं लागली आणि आईला अजून कळलेला नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर दोन्ही एकदम सोडू नका, मग कशानं काय झालं हे कधीच कळणार नाही. पावडर घेत असाल तर आधी ती. नसाल तर साखरेची पेयं, कारण ती सोडून कुणाचं नुकसान होत नाही. तीन आठवडे झालेच आहेत, तर साखर तशीच बंद ठेवा, दूध परत सुरू करा आणि आजपासून बारा आठवडे मोजा. लावायचं औषध चालू असेल तर ते मध्येच बदलू किंवा बंद करू नका. बारा आठवड्यांत आकडा हललाच नाही तर खुशाल गोड खा, तुमचं कारण वेगळं आहे.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: दुखऱ्या खोल गाठी असतील, किंवा फोड बसल्यावर खड्डा राहत असेल, तर बारा आठवड्यांचा प्रयोग घरी करत बसू नका, आधी डॉक्टर. मासिक पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील तर हार्मोन तपासायला सांगा. छाती-पाठीवर एकाच आकाराचे फोड अचानक उठले असतील तर कुठल्या क्रीममध्ये, गोळीत किंवा पावडरीत स्टेरॉइड नाही ना, ते बघा. खूप खाजत असेल तर ती मुरमं नसून बुरशीही असू शकते. वाढत्या वयातल्या मुलांचं दूध बंद करणार असाल तर कॅल्शियम दुसरीकडून द्या. आणि त्यांच्या ताटावर पहारा ठेवू नका. मी त्या दहा महिन्यांत चोरून खायला शिकले, ते मुरमांपेक्षा जास्त काळ टिकलं.

भाच्याचे आकडे आईला दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मी तेव्हाच सांगत होते." पावडरीबद्दल बरोबर होतं. "आणि माझ्या वेळी?" असं मी विचारलं, तर तिनं चष्मा काढून पुसायला घेतला.