एका ऑर्डरचे दोनदा पैसे: अडकले की खरंच कापले गेले?

"फवारणीसाठी बॅटरीचा पंप ऑनलाइन मागवला. ओटीपी टाकला अन् नेट गेलं, म्हणून डेबिट कार्डानं पुन्हा पैसे भरले. ऑर्डर एकच दिसते, पण ३,२८० रुपये कटल्याचे मेसेज दोन आले. विकणारा म्हणतो, आमच्याकडे एकच पेमेंट आलं. बँकेत तक्रार द्यावी की थांबावं?" – ता. सेलू, जि. वर्धा

तक्रार लिहिण्याआधी पासबुक भरून आणा, नाहीतर ॲपमधलं स्टेटमेंट काढा. नुसत्या मेसेजवरून हे ठरत नाही. मी आमच्या गावात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवतो. पेरणी-फवारणीच्या दिवसांत असे दोन मेसेज घेऊन घाबरलेली माणसं येतात, तेव्हा मी आधी पासबुकच मागतो.

कार्डाचं पेमेंट दोन टप्प्यांत होतं. ओटीपी बरोबर आला की बँक विकणाऱ्याला होकार देते आणि तेवढी रक्कम तुमच्या खात्यात बाजूला अडकवून ठेवते. यालाच होल्ड किंवा लीन म्हणतात. मेसेज याच वेळी सुटतो. विकणारा त्या रकमेची मागणी पुढे रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डमार्फत पाठवतो, तेव्हा पैसे खरे जातात. तुमचं नेट मध्येच गेलं, त्यामुळे बँकेचा होकार झाला पण तो विकणाऱ्यापर्यंत पोचला नाही, असं पहिल्या पेमेंटचं झालं असावं. विकणारा खोटं बोलत असेलच असं नाही.

आता आकड्यात बघू. समजा खात्यात १२,६४० रुपये होते. दोन मेसेजनंतर ॲपमध्ये वापरण्याजोगी शिल्लक ६,०८० दिसते. रक्कम अडकलेली असो की कापलेली, हा आकडा सारखाच राहतो, म्हणून त्याच्यावरून काही कळत नाही. बघायची ती खात्याची शिल्लक. ती ९,३६० असेल, डेबिटची नोंद एकच असेल आणि होल्ड किंवा लीनच्या रकान्यात ३,२८० असेल, तर एक रक्कम फक्त अडकली आहे. खात्याची शिल्लकच ६,०८० असेल आणि डेबिटच्या दोन नोंदी असतील, तर पैसे दोनदा कापले गेले. पहिल्या एक-दोन दिवसांत दोन्ही रकमा होल्डमध्ये दिसू शकतात, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा बघा.

होल्ड असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तो सुटतो तेव्हा पैसे जमा झाल्याची नोंद येत नाही. पैसे खात्यातून गेलेच नव्हते, तर जमा काय होणार? लोक जमा झाल्याच्या मेसेजची वाट बघत बसतात, आणि शिल्लक कधीचीच पूर्ववत झालेली असते. होल्ड किती दिवस राहील हे बँकेवर आणि कार्डाच्या प्रकारावर अवलंबून आहे. शाखेत विचारा, "हे लीन कोणत्या तारखेला सुटणार?" विकणाऱ्याकडून ते पेमेंट रद्द झाल्याचं लेखी मिळालं तर तेही दाखवा.

पण डेबिट कार्डावर बऱ्याच बँका होल्ड न ठेवता रक्कम सरळ कापतात. तसं असेल तर रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम तुमच्या कामाचा आहे. ऑनलाइन कार्ड पेमेंटमध्ये खात्यातून पैसे गेले आणि विकणाऱ्याला पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या तारखेपासून ५ दिवसांत बँकेनं ते आपणहून परत करायचे असतात. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. हे दिवस कॅलेंडरचे धरायचे, रविवार सोडायचा नाही.

हा नियम पुष्टी न पोचलेल्या पेमेंटला आहे. विकणाऱ्याकडे दोन्ही पेमेंट यशस्वी झाली असतील, तर बँकेच्या नजरेत काही चुकलेलं नाही; तेव्हा रिफंड विकणाऱ्यानंच द्यायचा. म्हणून त्याला मोघम विचारू नका. स्टेटमेंटमध्ये दिसत असेल तर दोन्ही नोंदींचा आरआरएन हा १२ आकडी व्यवहार क्रमांक पाठवा आणि त्यातलं कोणतं पेमेंट त्याच्याकडे जमा आहे ते विचारा. रिफंड दिला म्हणाला तर त्याचा एआरएन मागा. तो २३ आकडी असतो आणि त्यावरून बँक रिफंड शोधू शकते.

५ दिवस उलटूनही कापलेले पैसे आले नाहीत, तर शाखेत कार्ड डिस्प्यूटचा अर्ज द्या. त्यात "एकाच ऑर्डरचे दोनदा पैसे गेले" असं लिहा. "हा व्यवहार मी केलाच नाही" असं कुणी सांगितलं तरी लिहू नका. ओटीपी तुम्हीच टाकला होता, तेवढ्यावरून अर्ज फेटाळला जाऊ शकतो आणि कार्डही बंद होतं. मधल्या काळात रिफंडसाठी ओटीपी किंवा पिन मागणारा फोन आला तर तो ठगाचाच समजा. पैसे परत यायला यातलं काहीच लागत नाही.

अर्जाचा तक्रार क्रमांक लिहून घ्या. ३० दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर तोच क्रमांक टाकून cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी फी लागत नाही.