पाच शेअरचे पुट विकले म्हणजे रिस्क वाटली गेली, असं नाही

दादा, तू स्टेट बँक, एल अँड टी, एनटीपीसी असे पाच वेगवेगळ्या सेक्टरचे पुट विकलेस आणि एक पडला तर बाकीचे सावरतील म्हणतोस, पण ४ जून २०२४ चा चार्ट उघडून बघ, लोकसभा निकालाच्या दिवशी निफ्टी जवळपास ६ टक्के पडला आणि वरचे तिन्ही शेअर १२ टक्क्यांहून जास्त आपटले, तेही एकाच दिवशी.

आता हिशोब कर. समजा प्रत्येक लॉट ७ लाखांचा, स्ट्राइक ७ टक्के खाली, प्रीमियम ८,००० मिळाला, म्हणजे पाचांचे ४०,०००. सगळे १२ टक्के पडले की प्रत्येक पुट स्ट्राइकच्या ५ टक्के आत जातो, म्हणजे ३५,००० एकेकाचे, पाचांचे पावणेदोन लाख. वर व्हॉलॅटिलिटी वाढल्याने पुट अजून महाग होतो आणि ब्रोकर मार्जिन वाढवून मागतो ते वेगळंच. मी अशाच दिवशी मार्जिन कमी पडलं म्हणून दिवसाच्या सगळ्यात वाईट भावाला पोझिशन कापलीय, स्क्रीनवर बिड-आस्कमध्ये एवढी दरी होती की मार्केट ऑर्डर टाकायला हात धजत नव्हता.

म्हणून पाचही पुट एकच ३५ लाखांची पोझिशन समज, आणि त्याच वेळी खालच्या स्ट्राइकचा पुट विकत घे, त्याच शेअरचा. निफ्टीचा पुट स्वस्त वाटतो पण निफ्टी ६ आणि तुझा शेअर १४ पडला तर तो अर्धवटच वाचवतो.