शाळेच्या तासाला वाफा कसा करायचा आणि बी कसं पेरायचं?

प्रश्न: सहावीच्या ३६ मुलांना आठवड्यातून एकदा ४० मिनिटांचा बागकामाचा तास आहे. मी शहरात वाढले, शेती कधी केलेली नाही. मागच्या वर्षी धने आणि मेथी पेरली, पण कोपऱ्यात थोडंसं सोडून काहीच उगवलं नाही. वाफा तयार करून बी पेरायला मुलांना नीट कसं शिकवू?

उत्तर:

मीही शाळेत शिकवतो. घरची शेती आहे, तरी शाळेतला माझा पहिला वाफा तुमच्यासारखाच वाया गेला. आमच्याकडे नगर जिल्ह्यातली काळी जमीन. रात्री पाऊस झाला आणि सकाळी जमीन मऊ लागली म्हणून मी लगेच मुलांना खणायला लावलं. कुदळीला चिकटून मोठमोठे चिखलाचे गोळे निघाले, आठ दिवसांत वाळून विटांसारखे झाले आणि पुढचे दोन तास मुलं ते फोडत बसली. घरच्या रानात ही चूक मी कधी केली नसती. शाळेत वेळापत्रकात तास आहे म्हणून खणलं, वाफसा, म्हणजे खणायला-पेरायला योग्य इतकीच ओल, आहे का ते पाहिलंच नाही.

म्हणून मुलांना पहिली गोष्ट वाफसा ओळखायला शिकवा. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्यायला सांगा. मूठ घट्ट दाबायची आणि झालेला गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. गोळा पडून भुसभुशीत फुटला तर वाफसा आहे, खणा. गोळा तसाच राहिला किंवा बोटांना चिखल चिकटला तर जमीन अजून ओली आहे. गोळा झालाच नाही तर ती फार कोरडी आहे, आधी पाणी देऊन रान ओलवावं लागेल. ऑक्टोबरच्या उन्हात काळ्या जमिनीला ओलवल्यापासून वाफशावर यायला चार-पाच दिवस लागतात, मुरमाड जमीन एक-दोन दिवसांतच येते. तुमचा तास शुक्रवारी असेल आणि माती काळी असेल तर रविवारी संध्याकाळी किंवा सोमवारी सकाळी पाणी सोडायचं, असा उलटा हिशोब करा.

तुमच्या वर्गासाठी मी तीन वाफे करीन, प्रत्येकी १२ मुलांचा. लांबी ३ मीटर, रुंदी ९० सेंटिमीटर. रुंदी याहून वाढवू नका, कारण सहावीतल्या मुलाचा हात काठावर बसून वाफ्याच्या मध्यापर्यंत पोचला पाहिजे. एकदा खणलेल्या वाफ्यात कुणीही पाय ठेवायचा नाही. दोन वाफ्यांमध्ये ४५ सेंटिमीटरची वाट सोडा. जमिनीला उतार असेल तर वाफ्याची लांबी उताराला आडवी ठेवा. पावसाळ्यात वाफा १०-१५ सेंटिमीटर उंच, म्हणजे गादीवाफा करतात. पाऊस संपल्यावर पेरणार असाल तर कडेने चार बोटं उंच बांध घातलेला सपाट वाफा बरा, त्यात ओल टिकते.

पहिल्या तासाला फक्त खणणं. कुदळ मोठ्या माणसाच्याच हातात असू द्या. वीतभर खोल खणत तुम्ही किंवा शाळेतले मामा पुढे जा आणि मागून मुलं खुरप्यांनी ढेकळं फोडतील, हरळीच्या मुळ्या आणि खडे वेचतील. हरळीची मुळी वाफ्याशेजारी टाकू नका, एक कांडी राहिली तरी ती पुन्हा फुटते. खणलेली माती पुढच्या तासापर्यंत तशीच उन्हात तापू द्या. बरंच तण तेवढ्यात मरतं.

दुसऱ्या तासाला खत आणि सपाटीकरण. एका वाफ्याला एक घमेलं शेणखत पुरतं, साधारण सहा-सात किलो. ते पूर्ण कुजलेलं हवं: रंग काळपट, हाताला भुसभुशीत, शेणाचा वास गेलेला. अर्धवट कुजलेलं खत मातीत गरम होतं, त्याबरोबर तणाचं बी येतं आणि हुमणीही येते. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, पांढरी, जाड अळी दिसली तर ती हुमणी. वेचून बाजूला काढा, ती मुळं खाते. हाताला जखम असलेल्या मुलाला खताला हात लावू देऊ नका आणि तासानंतर सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावा. खत वरच्या चार-पाच बोटं मातीत मिसळलं की दंताळ्याने किंवा सरळ फळीने वाफा सपाट करा. मग वाफ्याच्या मध्यावर तांब्याभर पाणी हळूच ओतून पाहा. ते एकाच बाजूला धावलं तर तिकडे उतार आहे. मागच्या वर्षी तुमचं बी कोपऱ्यातच उगवलं ते बहुधा यामुळेच. बादलीने पाणी ओतलं की वरवरचं बी वाहतं आणि सखल जागी गोळा होतं.

पेरणीच्या आधी बी तपासा. किराणा दुकानातली मेथी चालते, उलट शाळेसाठी तीच बरी. बियाण्याच्या दुकानातलं पाकिटातलं बी पुष्कळदा गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं असतं. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि ते विषारी असतं. मुलांच्या हातात ते देऊ नका. मेथीचे २० दाणे ओल्या रुमालात गुंडाळा, रुमाल तीन दिवस ओला ठेवा आणि मोड मोजा. सोळाच्या वर मोड आले तर बी उत्तम. बारापेक्षा कमी आले तर दुसरं बी आणा.

धन्यांची अडचण वेगळी आहे. एका धन्यात दोन बिया जोडलेल्या असतात, म्हणून ते पाटावर हलक्या हाताने रगडून दोन फाका करायच्या आणि रात्रभर भिजवायचे. इतकं करूनही कोथिंबीर वर यायला दहा-बारा दिवस घेते. मेथी चार-पाच दिवसांत दिसते. मुलांचा पहिला वाफा मेथीचाच करा, असं माझं ठाम मत आहे.

आता पेरणीचा तास. हा शक्य असेल तर सोमवारी घ्या, त्यासाठी सहकाऱ्याशी तास बदलावा लागला तरी बदला. सोमवारी पेरलेली मेथी शुक्रवार-शनिवारपर्यंत वर येते, म्हणजे बी रुजायच्या दिवसांत वाफ्याला रविवार लागत नाही. शुक्रवारी पेरलंत तर नेमकं बी फुगलेलं असताना शनिवार दुपारपासून सोमवारपर्यंत पाणी मिळत नाही आणि मोड आतच वाळतो. तुमच्या मातीला वाफशावर यायला जितके दिवस लागतात तितके दिवस आधी वाफा ओलवून ठेवा, म्हणजे पेरणी वाफशावर होईल.

वाफ्याच्या लांबीला आडव्या, सुतळी ताणून काठीने रेघा ओढा. दोन रेघांत २५ सेंटिमीटर अंतर ठेवलं की ३ मीटरमध्ये बरोबर १२ ओळी बसतात, प्रत्येक मुलाला एक. प्रत्येकाच्या तळहातावर ५० दाणे मोजून द्या. ९० सेंटिमीटरच्या ओळीत ते साधारण दर दोन सेंटिमीटरला एक असे पडतात. खोली मुलांना बोटावर दाखवा: बोटाच्या नखाइतकी, म्हणजे एक सेंटिमीटरच्या आसपास. बियाच्या जाडीच्या दोन-तीनपट माती वर असावी हा साधा नियम. बारीक बी उथळ, मोठं बी खोल. मुलं उत्साहाने अख्खं बोट खुपसतात. तसं खोल पेरलं तर मोडाची सगळी ताकद वर येण्यातच संपते. रेघ बारीक मातीने झाका, तळहाताने हलकं दाबा, वरून झारीने पाणी द्या. झारी नसेल तर प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला दाभणाने दहा-बारा भोकं पाडा. वर गवताचा किंवा पाचटाचा पातळ थर पसरा. त्याने ओल टिकते, चिमण्या दाणे टिपत नाहीत आणि पाण्याच्या माऱ्याने मातीवर पापडी धरत नाही. पहिले कोंब दिसले की त्याच दिवशी तो थर काढायचा, नाहीतर रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात.

रोज सकाळी वरची बोटभर माती ओली राहील एवढंच पाणी. सहाव्या दिवशी प्रत्येकाने आपल्या ओळीतली रोपं मोजावीत. ५० पैकी ४१ आली तर ८२ टक्के, शेकडेवारीही तिथेच शिकवून होते.

एखादी ओळ रिकामी राहिली तर मुलाला हळहळत बसू देऊ नका, खुरप्याने ती हलकेच उकरायला लावा. बी काय झालं ते तिथेच दिसतं. दाणा फुगून मऊ, कुजका झाला असेल तर पाणी जास्त झालं. पेरला तसाच कडक असेल तर पाणी त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. पांढरा मोड मातीखाली वाकून बसला असेल तर वर पापडी धरली आहे किंवा दाणा खोल गेला आहे. दाणाच सापडला नाही तर पाखरांनी किंवा मुंग्यांनी नेला, नाहीतर पाण्याने वाहिला. शेजारच्या ओळीत गर्दी दिसली तर वाहिलाच. आणि रोपं उगवून आल्यावर जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडली तर ती मर आहे. दाट पेरणी आणि सतत चिखल यांमुळे ती येते. पाणी एक दिवसाआड करा आणि दाटी कमी करा.

दहाव्या दिवसाच्या सुमारास विरळणी करा, रोपांत चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवून मधली उपटा. हे मुलांच्या जिवावर येतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने उपटलेली सगळी रोपं दुसऱ्या कोपऱ्यात परत लावली होती. उपटलेली कोवळी मेथी धुऊन पोषण आहाराच्या खिचडीत टाका.

मेथी महिन्याभरात काढणीला येते, म्हणून पेरणीचा सोमवार दिवाळीची सुट्टी पाहून ठरवा. सुट्टीच्या पंधरा दिवसांत वाफ्याला पाणी घालणारं कुणी नसेल तर खणणं आणि खत सुट्टीआधी उरकून ठेवा. शाळा उघडली की लगेच रान ओलवा आणि वाफसा येताच येणाऱ्या सोमवारी पेरा.