घरखरेदीदारांसाठीचा रेरा कायदा नक्की कधी लागू झाला? 2016 की 2017?

प्रश्न: सर, आम्ही कल्याणला फ्लॅट घेतला. अॅग्रीमेंटमध्ये ताबा डिसेंबर 2015, प्रत्यक्षात ओसी, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला, आली फेब्रुवारी 2017 ला आणि ताबा त्यानंतर. प्रोजेक्टची महारेरा नोंदणी नाही. बिल्डरचा वकील म्हणतो की आमची ओसी कायदा लागू व्हायच्या आधीची आहे, त्यामुळे रेरा आम्हाला लागतच नाही. पण नेटवर सगळीकडे रेरा 1 मे 2016 पासून लागू असं लिहिलंय, एका ठिकाणी तर 25 मार्च 2016. मग ओसी नंतरचीच झाली ना? खरी तारीख कुठली आणि ती कागदावर दाखवायची कशी?

उत्तर: ताई, आधी वाईट बातमी. तारखेच्या मुद्द्यावर बिल्डरचा वकील बरोबर आहे, पण त्यावरून केस संपत नाही, ते शेवटी सांगतो.

नेटवर वाचलेल्या दोन्ही तारखा खऱ्या आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या गोष्टींच्या आहेत. 25 मार्च 2016 ला राष्ट्रपतींची सही झाली. कायद्यात लागू व्हायची तारीखच दिलेली नसेल तर केंद्राचा कायदा सहीच्या दिवसापासून लागू धरतात, जनरल क्लॉजेस अॅक्टचं कलम 5 तसं सांगतं. पण रेराच्या कलम 1(3) मध्ये स्पष्ट लिहिलंय की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून जी तारीख ठरवेल त्या दिवशी तो लागू होईल आणि वेगवेगळ्या कलमांना वेगवेगळ्या तारखा देता येतील. म्हणजे सहीची तारीख तुमच्या कामाची नाही, ती सोडून द्या.

आता 1 मे 2016. 26 एप्रिल 2016 ला अधिसूचना निघाली, S.O. 1544(E), आणि तिच्यात फक्त काही कलमं 1 मे 2016 पासून सुरू केली : कलम 2, मग 20 ते 39, 41 ते 58, 71 ते 78 आणि 81 ते 92. यात काय आलं बघा, व्याख्या आल्या, प्राधिकरण आणि अपील ट्रिब्युनल स्थापन करायची तरतूद आली, राज्यांना नियम करायचा अधिकार देणारं कलम 84 आलं. सरकारला आधी यंत्रणा उभी करायची होती, बिल्डरवर बोजा नंतर. नोंदणीचं कलम 3 आणि ताबा उशिरा दिला तर व्याज-परताव्याचं कलम 18 या यादीत नाहीतच. ती आली दुसऱ्या अधिसूचनेत, 19 एप्रिल 2017 ची S.O. 1216(E) : कलमं 3 ते 19, 40, 59 ते 70, 79 आणि 80, लागू 1 मे 2017 पासून. पेपरवाल्यांनी पहिली तारीख छापली, वेबसाइटवाल्यांनी ती उचलली, आणि यादी कोणी वाचलीच नाही.

तुम्ही म्हणाल, कलम 3 मध्ये तर "या कायद्याच्या प्रारंभापूर्वी" पूर्णत्वाचा दाखला मिळाला असेल तर नोंदणी नको असं आहे, मग कायद्याचा प्रारंभ म्हणजे पहिली तारीख का धरू नये? नाही धरता येत, कारण कलम 1(3) च्याच परंतुकात सांगितलंय की एखाद्या कलमात कायद्याच्या प्रारंभाचा उल्लेख असेल तर त्याचा अर्थ ते कलम लागू झाल्याचा दिवस असा घ्यायचा. म्हणजे कलम 3 साठी प्रारंभ 1 मे 2017. म्हणूनच चालू प्रोजेक्टना नोंदणीसाठी तीन महिने मिळाले ते 31 जुलै 2017 पर्यंत. तुमची ओसी फेब्रुवारी 2017 ची, म्हणजे या तारखेच्या आधीची.

आता कागद कसा शोधायचा. indiacode.nic.in वर जा, कायद्याचं नाव टाका आणि कलम 1 उघडून खालची तळटीप वाचा. वर पानावर जी एकच अंमलबजावणीची तारीख दिसते तिच्यावर विसंबू नका, खेळ तळटिपेत असतो. तिथे कलमांची यादी, अधिसूचनेचा नंबर, तारीख आणि "Gazette of India, Extraordinary, Part II, sec. 3(ii)" असं मिळेल. हा पत्ता घेऊन egazette.gov.in वर सर्च करायचा. असाधारण राजपत्र निवडा, भाग 2, खंड 3, उपखंड (ii). केंद्राची कायदा लागू करणारी अधिसूचना बहुतेक याच उपखंडात S.O. नंबरने येते, हिंदी मजकुरात तोच नंबर का.आ. म्हणून असतो. केंद्राचे नियम मात्र उपखंड (i) मध्ये G.S.R. नंबरने येतात, त्यामुळे चुकीच्या उपखंडात तासभर शोधत बसणारे लोक मी पाहिलेत.

दोन ठिकाणी घोळ होतो. एक म्हणजे मंत्रालयाचं नाव. 2016-17 ला हे खातं गृहनिर्माण आणि शहरी दारिद्र्य निर्मूलन मंत्रालय होतं, आजच्या नावाने शोधलंत तर काहीच मिळणार नाही. दुसरं, अधिसूचनेवरची तारीख आणि राजपत्र छापल्याची तारीख कधीकधी वेगळी असते, म्हणून सर्चमध्ये एकच दिवस न टाकता पुढे-मागे आठवडाभर जागा ठेवा. पीडीएफ मिळाली की पूर्ण डाउनलोड करा, स्क्रीनशॉट नको, कारण नंबर, भाग आणि तारीख पहिल्या पानाच्या मथळ्यावर असतात.

नियमांचं वेगळं बघायचं. महाराष्ट्राचे नोंदणीचे नियम 20 एप्रिल 2017 ला राज्याच्या राजपत्रात आले. ते कलम 3 लागू व्हायच्या आधी कसे निघाले असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे, नियम करायचं कलम 84 वर्षभर आधीच सुरू झालं होतं. पण नियम निघाले म्हणून कलम 3 सुरू झालं असं होत नाही. नियमांच्या नियम 1 मध्ये ते कधीपासून लागू ते वाचायचं, आणि डिसेंबर 2016 ला याच नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी आला होता तो चुकून हातात येऊ देऊ नका, दिसायला अगदी सारखा असतो, फक्त सुरुवातीलाच हरकती मागवल्याचं लिहिलेलं असतं.

आता तुमच्या केसचं. ओसीची प्रत बिल्डरकडून नको, महापालिकेकडून माहिती अधिकारात काढा आणि तिच्यात "अंशतः" किंवा पार्ट ओसी असं काही आहे का ते पहा, किती मजल्यांना आणि कुठल्या विंगला दिली तेही. तुमच्या इमारतीचे वरचे मजले किंवा तुमच्याच टप्प्याचा काही भाग 1 मे 2017 ला ओसीशिवाय होता असं निघालं तर बिल्डरचा बचाव ढिला पडतो आणि विनानोंदणी प्रोजेक्ट म्हणून महारेराकडे तक्रार करायला जागा आहे. बिल्डर म्हणेल तुमची विंग हा स्वतंत्र टप्पा आहे, कारण टप्प्याटप्प्याने चाललेल्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक टप्पा वेगळा प्रोजेक्ट धरतात. मग मंजूर नकाशात टप्पे तसे दाखवलेत का ते बघावं लागेल, तो नकाशाही त्याच अर्जात मागा.

ओसी पूर्ण निघाली तर रेराच्या मागे पैसे घालवू नका, सुप्रीम कोर्टाने न्यूटेकच्या 2021 च्या निकालात आधीच पूर्ण झालेले प्रोजेक्ट कायद्याच्या बाहेर ठेवलेत. ग्राहक आयोगाचा रस्ता राहतो, पण तिथे मुदत दोन वर्षांची आणि ताबा घेऊन तुम्हाला बरीच वर्षं झालीत, त्यामुळे उशीर माफीचा अर्ज लागेल आणि उशीर का झाला त्याची ठोस कारणं लागतील, नुसतं "कायदा माहीत नव्हता" चालणार नाही. बिल्डरशी मधल्या काळात झालेला पत्रव्यवहार, मेल, व्याज देतो म्हणून दिलेलं एखादं लेखी आश्वासन असेल तर ते आधी बाहेर काढा. सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं, अजून झालं नसेल तर तो मुद्दा मात्र वेगळा आणि जिवंत आहे, त्याला महाराष्ट्राच्या जुन्या फ्लॅट-मालकी कायद्याखाली, म्हणजे मोफाखाली, बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो, आणि तिथे रेराच्या तारखेचा काही संबंध येत नाही.