आवाज आहे, चित्र नाही: ३,८०० ची दुरुस्ती की २४,००० चा नवा टीव्ही?

प्रश्न: आमचा ४३ इंची एलईडी टीव्ही ६ वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यापासून आवाज नीट येतो, चॅनेल बदलतात, पण पडदा जवळजवळ काळा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने पॅनेल बदलायचे १९,००० सांगितले. गल्लीतला मेकॅनिक म्हणतो बॅकलाइट गेलाय, ३,८०० त करून देतो, ३ महिन्यांची गॅरंटी. दुकानात तसाच नवा टीव्ही रोख २५,५००, नाहीतर ९ हप्त्यांत ‘विनाव्याज’ २७,०००. जुन्याचे १,५०० वजा करणार, बंद असला तरी. मुलगा म्हणतो, जुन्यात पैसे घालू नका. काय करावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर: हिशेब थोड्या वेळाने मांडू. सर्व्हिस सेंटर आणि मेकॅनिक यांचे आकडे दोन वेगवेगळ्या बिघाडांचे आहेत. तुमच्या टीव्हीत कोणता बिघाड आहे ते कळल्याशिवाय गणित मांडून उपयोग नाही, आणि ते घरबसल्या, फुकटात, बऱ्यापैकी कळतं.

एलईडी टीव्हीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. पुढे चित्र तयार करणारं पातळ काचेचं पॅनेल असतं आणि त्याच्यामागे पांढऱ्या एलईडींच्या पट्ट्या. त्या पट्ट्या म्हणजेच बॅकलाइट. पट्ट्या विझल्या तरी पॅनेल आपलं काम करत राहतं. चित्र पडद्यावर असतंच, फक्त मागे उजेड नसल्यामुळे दिसत नाही. आवाज वेगळ्या वाटेने येतो, म्हणून तो ठणठणीत.

रात्री खोलीतले दिवे घालवा. टीव्ही लावा आणि रिमोटने मेनू उघडून ठेवा, म्हणजे पडद्यावर स्थिर, ठळक अक्षरं राहतील. मोबाइलचा टॉर्च पडद्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर तिरका धरा आणि हळूहळू सरकवा. उजेडाच्या वर्तुळात मेनूची अक्षरं फिकट, राखी रंगात दिसली तर पॅनेल आणि चित्राचा मुख्य बोर्ड चालू आहेत, गेलाय तो उजेड. चारही कोपरे पाहा. त्या फिकट चित्रात उभ्या रेघा असतील किंवा एखाद्या भागात काहीच उमटत नसेल, तर पॅनेलही दुखावलंय. मग तुमचा मुलगा म्हणतो तेच बरोबर. कुठेच काही दिसलं नाही, तर एकदा टॉर्चचा कोन बदलून पाहा. तरीही काही नाही, तर बिघाड बोर्डात किंवा पॅनेलमध्ये असू शकतो आणि ३,८०० चं कोटेशन बाजूला ठेवायला हवं.

आणखी एक खूण आहे. टीव्ही लावताना पडदा सेकंदभर उजळून पुन्हा काळा होतो का? होत असेल तर बॅकलाइटला वीज पुरवणाऱ्या सर्किटला पट्ट्यांमध्ये दोष जाणवतोय आणि ते स्वतःच पुरवठा तोडतंय. आणि मेकॅनिकला बोलावण्याआधी, टॉर्चच्या उजेडात मेनू वाचून, सेटिंगमध्ये ‘बॅकलाइट’ शून्यावर गेलाय का, वीजबचतीचा किंवा फक्त आवाज चालू ठेवण्याचा पर्याय चुकून लागलाय का, तेही बघून घ्या. घरात लहान मुलं असतील तर विशेष करून. ही परीक्षा ओएलईडी टीव्हीला लागू नाही, त्यात बॅकलाइटच नसतो. तुमचा एलईडी आहे, त्यामुळे चालेल. मागचं झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही पॉवर बोर्डच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ विजेचा धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो.

टॉर्च एक गोष्ट सांगत नाही: पट्ट्या गेल्या की त्यांना वीज देणारं सर्किट गेलं. ते मेकॅनिक मीटर किंवा एलईडी टेस्टर लावून ठरवतो. सर्किट गेलं असेल तर पॅनेल उचलावं लागत नाही आणि खर्च बहुधा ३,८०० हून कमी व्हायला हवा. म्हणून ‘पट्ट्याच आहेत कशावरून?’ हे त्याला जरूर विचारा.

आता १९,००० का? सर्व्हिस सेंटर फसवतंय असं लगेच समजू नका. अनेक ठिकाणी काच आणि बॅकलाइट हा एकच जोड मानून आख्खा बदलतात, सुट्या पट्ट्या बदलण्याचं काम घेतच नाहीत. बाहेरचा मेकॅनिक पॅनेल उचलून फक्त पट्ट्या घालतो. म्हणजे टॉर्चमध्ये चित्र स्वच्छ दिसलं तर १९,००० तली मोठी रक्कम चांगल्या चालणाऱ्या काचेसाठी जाईल. ते कोटेशन मी यादीतून काढून टाकतो.

उरलं ३,८०० विरुद्ध नवा टीव्ही. इथे बहुतेक घरांत दुरुस्तीची रक्कम नव्याच्या किमतीशी ताडून पाहतात. मला तसं मोजणं पटत नाही, कारण दुरुस्तीने नवा टीव्ही मिळत नाही, तर नवा घेण्याची तारीख पुढे जाते. तेव्हा प्रश्न असा विचारायचा की तारीख किती महिने पुढे गेली तर ३,८०० वसूल होतात?

रोख नवा घेतला तर १,५०० वजा जाऊन तुमच्या खिशातून २४,००० जातील. माप थोडं नव्याच्या बाजूने झुकवून त्याला ७ वर्षं, म्हणजे ८४ महिने आयुष्य देऊ. तुमचा सध्याचा तर ६ वर्षांतच अंधारला. २४,००० भागिले ८४, म्हणजे नव्या टीव्हीचा महिन्याचा खर्च सुमारे २८६ रुपये. ३,८०० भागिले २८६, म्हणजे साधारण सव्वातेरा महिने. दुरुस्त केलेला टीव्ही तेवढे महिने टिकला तर तुम्ही बरोबरीत, पुढचा प्रत्येक महिना तुमचा. शिवाय आज न खर्चलेले २०,२०० बँकेत राहतात. त्यावर साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याज धरून हिशेब केला तर बरोबरीचा मुक्काम अकरा महिन्यांच्या जवळ येतो.

पट्ट्या नीट बदलल्या तर एक वर्ष टिकण्याची अपेक्षा मला वाजवी वाटते, म्हणून ३,८०० ला माझा होकार आहे. हाच हिशेब कोटेशन वाढलं तर कुठे थांबायचं तेही सांगतो. दुरुस्तीनंतर दीड वर्षाचा भरवसा धरला तर १८ गुणिले २८६, म्हणजे ५,१०० च्या आसपास. त्यापुढे आकडा गेला तर मी नव्याकडे वळेन. आणि १९,००० वसूल व्हायला या हिशेबाने साडेपाच वर्षं लागतील, तीही ज्याचे बाकीचे बोर्ड ६ वर्षं जुने आहेत अशा टीव्हीकडून. ३२ इंची टीव्ही असता तर नवाही बराच स्वस्त मिळाला असता आणि गणित पटकन उलटं फिरलं असतं.

दुरुस्ती किती टिकेल हे मात्र काम कसं केलं यावर ठरतं, आणि ३,८०० मधली खरी जोखीम तिथेच आहे. पट्ट्यांमधले एलईडी दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागून एक जोडलेले असतात. एक जळून जोडणी तुटली की सगळी ओळ विझते. काही जण मेलेला एलईडी तेवढा बदलतात किंवा तारेने जोडून वगळतात. टीव्ही त्याच दिवशी चालू होतो, पण बाकीचे तितकेच तापलेले, तितकेच जुने असतात, आणि काही महिन्यांत दुसरा जातो. म्हणून पूर्ण सेट बदलायला सांगा, त्याच मॉडेलशी जुळणारा, आणि बिलावर ‘सर्व पट्ट्या नव्या’ असं लिहून घ्या. काढलेल्या जुन्या पट्ट्या परत मागा. एकच एलईडी बदलायचा असेल तर ३,८०० जास्त आहेत.

दुसरी जोखीम काचेची. पट्ट्यांपर्यंत पोचायला ४३ इंचांची पातळ काच सपाट उचलून बाजूला ठेवावी लागते आणि तिच्या कडेला नाजूक रिबिनी जोडलेल्या असतात. काच तडकली किंवा रिबीन उखडली तर टीव्ही संपला. मेकॅनिकला आधीच विचारा की काच फुटली तर काय. ‘फुटली तर काहीच पैसे घेणार नाही’ एवढं जरी त्याने बिलावर लिहिलं, तरी तुमचं नुकसान फार तर १,५०० चं, कारण बंद टीव्हीची बाजारातली किंमत तेवढीच आहे. तेही दुकानदार फुटक्या काचेचा टीव्ही घेणार नसेल तर. ‘फुटली तरी पैसे द्यावे लागतील’ म्हणाला तर ५,३०० पणाला लागतात. मग दुसरा मेकॅनिक शोधा.

टीव्ही घ्यायला जाल तेव्हा दुकानातच दोन-तीन तास चालू ठेवायला लावा. पांढरा पडदा दाखवणारं काहीतरी लावून पाहा. कडेला अंधार, मधे निळसर छटा किंवा पांढरे गोल ठिपके दिसले तर पट्ट्या, त्यांच्या भिंगांची मांडणी किंवा मागचे कागद नीट बसलेले नाहीत. ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. गॅरंटी ३ ऐवजी ६ महिन्यांची मागून बघा, मिळाली तर चांगलंच. घरी आणल्यावर बॅकलाइट पूर्ण न ठेवता साठ-सत्तरवर आणा. पट्ट्या मारते ती उष्णता, आणि पूर्ण उजेडावर ती सर्वात जास्त असते.

मुलाच्या म्हणण्यात एक मुद्दा खरा आहे. स्मार्ट टीव्हीचे अॅप जुने होऊन चालेनासे झाले असतील तर हिशेबात एचडीएमआयला लावायच्या स्टिकची किंमत धरावी लागेल. ३,८०० मध्ये ती मिळवली की एकूण माझ्या ५,१०० च्या पुढे जाऊ शकतं. टीव्ही फक्त सेट-टॉप बॉक्सवर चालत असेल तर या मुद्द्याला वजन नाही.

टॉर्चने नवाच घ्यायची वेळ आणली तर रोखीने घ्या. १,५०० वजा करून रोखीचे २४,००० आणि हप्त्यांचे २५,५००. हा १,५०० चा फरक ९ महिन्यांत, दरमहा घटत जाणाऱ्या बाकीवर, वर्षाला सुमारे १५ टक्के व्याज होतो. वर बँकेने प्रक्रिया शुल्क लावलं तर ते आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज बऱ्याचदा लपवलेलं असतं, असं बँकांना सुनावलं होतं. रोखीचे २४,००० काढताना आजारपणासाठी ठेवलेल्या रकमेला हात लागत असेल, तर ३२ इंची टीव्ही पाहा किंवा दोन महिने थांबून पैसे साठवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे दुकानदाराने जुन्या दराचा किंमततक्ता पुढे केला तर बिलातला कर नक्की वाचा.