एनडीव्हीआयचे दोन नकाशे वजा केले तर अर्धा तालुका लाल का दिसतोय?

प्रश्न: एमए भूगोलाचं डिझर्टेशन आहे, इंदापूर तालुका घेतलाय. ऑक्टोबर २००९ ची लँडसॅट ५ आणि एप्रिल २०२२ ची लँडसॅट ८ इमेज घेऊन एनडीव्हीआय काढला आणि वजा केला. अर्ध्या तालुक्यात हिरवळ घटलेली दिसतेय, पण इकडे तर ऊस वाढलाय. कुठे चुकतंय?

उत्तर:

तुम्हाला दिसतोय तो बहुतेक ऋतूतला फरक आहे. ऑक्टोबरात तिकडे माळावरचं गवतसुद्धा हिरवं असतं, एप्रिलात ज्वारी काढून झालेली असते आणि रान उघडं पडलेलं असतं. एनडीव्हीआय त्या दिवशी तिथे किती हिरवं होतं एवढंच सांगतो, जमीन जिरायती आहे का बागायती ते नाही सांगत.

पण ह्याच गोष्टीचा फायदा घ्या. एप्रिल-मे मध्ये इंदापुरात जे शेत हिरवं आहे त्याला बाहेरून पाणी मिळतंय, मग ते कालव्याचं असो, विहिरीचं असो का उजनीच्या बॅकवॉटरवरून उचललेलं. म्हणजे दोन्ही काळांसाठी फक्त उन्हाळ्याच्या इमेज घ्या. त्यातही एकच तारीख घेऊ नका, कारण मार्चमध्ये तुटलेल्या उसाचा खोडवा एप्रिलच्या सुरुवातीला जेमतेम फुटत असतो आणि सुरूची लागणही लहान असते, मग उसाचंच रान उघडं म्हणून मोजलं जातं. एप्रिल-मे मधल्या सगळ्या इमेजेसचा एनडीव्हीआय काढून प्रत्येक पिक्सेलची सगळ्यात मोठी व्हॅल्यू ठेवा.

वर्ष पण एकेकटं नको. २००९ चा पावसाळा देशभर तुटीचा होता, २०१९ ते २०२२ चे पावसाळे त्यामानाने बरे गेले, त्यामुळे २०१० चा उन्हाळा आणि २०२२ चा उन्हाळा लावून बघितलात तर वाढ दिसेल पण त्यातली कितीतरी नुसत्या पावसाची असेल. २००९, १०, ११ असे तीन उन्हाळे आणि २०२१, २२, २३ असे तीन घ्या, आणि तिघांतली मधली व्हॅल्यू वापरा.

आता आकड्यांचं. कलेक्शन २ लेव्हल २ चा डेटा घेतला असेल तर बँडमधले नंबर थेट सूत्रात टाकायचे नाहीत, आधी रिफ्लेक्टन्स करायचा:

```
reflectance = DN * 0.0000275 - 0.2
NDVI = (NIR - Red) / (NIR + Red)
```

नुसत्या गुणाकाराने एनडीव्हीआय बदलत नाही, तो सूत्रात वर-खाली कटतो, पण ते वजा ०.२ सुटलं की सगळं बिघडतं, आणि गुणाकार न करता ०.२ वजा केलं तरी उपयोग नाही. समजा एका उसाच्या पिक्सेलमध्ये रेड १०००० आणि निअर इन्फ्रारेड २०००० आहे. थेट काढलं तर ०.३३ येतं, नीट काढलं तर रिफ्लेक्टन्स ०.०७५ आणि ०.३५, आणि एनडीव्हीआय जवळपास ०.६५. एकच शेत! एका वर्षाला हे केलं आणि दुसऱ्याला नाही, तर बदल आपोआप तयार होतो. आणि बँड नंबर बघा, लँडसॅट ५ ला रेड ३ आणि एनआयआर ४, लँडसॅट ८ ला ४ आणि ५. तपासायला एक सोपी गोष्ट म्हणजे दाट उभ्या उसावर क्लिक करायचं, ०.६ च्या आसपास किंवा वर यायला पाहिजे, आणि नांगरलेल्या रानावर साधारण ०.२. तसं नसेल तर पुढे जाऊच नका.

मग वजाबाकी सोडा, आधी प्रत्येक काळाचे वेगळे वर्ग पाडा आणि मग ते एकमेकांवर ठेवा, म्हणजे "जिरायत होतं, बागायत झालं" असं हेक्टरमध्ये सांगता येतं. एक पिक्सेल ०.०९ हेक्टरचा. हिरवं-उघडं ठरवायची मर्यादा कुठल्या पेपरातून उचलू नका, गुगल अर्थच्या जुन्या इमेजेसमध्ये खात्रीची शेतं शोधून दोन्ही सेन्सरसाठी वेगवेगळी ठरवा, कारण दोघांचे बँड तंतोतंत सारखे नाहीत. त्या वर्गाला "ऊस" म्हणू नका, केळी आणि चाऱ्याचा मका पण त्यातच येतो, "उन्हाळी बागायत" म्हणा, व्हायव्हाला तेवढंच सिद्ध करता येईल.

आणि बॅकवॉटरचा काठ वेगळा काढा. उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात, तिथे एका वर्षी पाणी आणि दुसऱ्या वर्षी हिरवं पीक दिसतं, आणि तुमच्या टेबलात ते "पाण्याचं शेत झालं" म्हणून येतं. धरण भरलेलं असतानाची नोव्हेंबरची इमेज घ्या, पाण्याची हद्द काढा आणि तेवढा भाग दोन्ही नकाशांतून वगळून टाका, किंवा "जलाशय क्षेत्र" म्हणून त्याचा स्वतंत्र वर्ग ठेवा. मी असते तर स्वतंत्र वर्गच ठेवला असता, इंदापूरच्या प्रबंधात गाळपेरीवर दोन पानं सहज लिहिता येतात.